खटका भाकरीत, विटा डाळीत

मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावीही आता औषधाच्या दुकानात प्रोटीन पावडरचे मोठाले डबे मांडलेले दिसतात. त्यांच्यावर ‘ल्युसीनयुक्त’ हा शब्द ठळक छापलेला असतो. व्यायामशाळेत जाणारी पोरं तो डबा विकत घेतात आणि अलीकडे आईवडिलांचे पाय दुखतात, अंगात त्राण नाही, म्हणून नोकरीवाली मुलंही शहरातून तो घरी पाठवतात. गंमत अशी, की ज्या ल्युसीनसाठी हे पैसे मोजले जातात, ते सोनपेठ तालुक्यातल्या घराघरांत रोज तव्यावर भाजलं जातं. ज्वारीच्या प्रथिनांत ल्युसीनचं प्रमाण गव्हाच्या जवळजवळ पावणेदोनपट असतं. मग रोज ज्वारी खाणाऱ्या आजी-आजोबांच्या मांड्या का सुकतात? या प्रश्नाचं उत्तर नीट समजलं, तर डब्यावर खर्च करायचा की डाळीवर, हेही आपोआप ठरतं.

ल्युसीन म्हणजे काय, हे आधी पाहू. आपण खातो ती प्रथिनं पोटात आणि आतड्यात तुटून त्यांचे सुटे मणी होतात. या मण्यांना अमिनो आम्लं म्हणतात. ते एकूण वीस प्रकारचे आणि त्यांतले नऊ शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ते अन्नातूनच यावे लागतात. ल्युसीन हे त्या नऊंपैकी एक. स्नायू बांधताना ते वीट म्हणून वापरलं जातंच, पण त्याखेरीज त्याच्याकडे आणखी एक काम आहे. ‘माल आला, बांधकाम सुरू करा’ हा निरोप स्नायूंच्या पेशीला तेच देतं.

या ल्युसीनशी आपल्या भागाचं नातं जुनं आहे आणि त्याची सुरुवात चांगुलपणाने झालेली नाही. परभणी जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्याच हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत, डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांना एक कोडं पडलं होतं. दख्खनच्या पठारावरच्या गरीब, फक्त ज्वारीवर जगणाऱ्या लोकांत पेलाग्रा दिसत होता. या आजारात उन्हात उघड्या राहणाऱ्या मानेवर आणि हातांवर काळपट, खरखरीत चट्टे येतात, जुलाब लागतात आणि पुढे डोकंही ठिकाणावर राहत नाही. तो नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होतो. जगात इतरत्र तो मका खाणाऱ्यांत आढळत होता, कारण मक्यातलं नायसिन शरीराला सहज मिळत नाही आणि ज्यापासून शरीर ते बनवू शकतं ते ट्रिप्टोफॅन मक्यात कमी असतं. ज्वारीत मात्र तशी अडचण दिसत नव्हती. मका आणि ज्वारी या दोघांत सारखी एकच गोष्ट ठळक होती, ती म्हणजे भरपूर ल्युसीन. १९६० साली ‘लॅन्सेट’मध्ये या दोघांनी ल्युसीनवर संशय घेतला. पुढे वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे निष्कर्ष जुळले नाहीत आणि तो सिद्धांत वादातच राहिला. पण त्यातली एक गोष्ट आजही खरी आहे: एका धान्यावर जगणाऱ्या माणसाच्या ताटात एक अमिनो आम्ल खूप आणि दुसरं फार थोडं असेल, तर त्या ‘खूप’ असण्याचा त्याला काही उपयोग नसतो.

१९६० मधला आरोपी आज डब्यावरचा नायक झाला आहे. माझं म्हणणं असं, की तो आरोपीही नाही आणि नायकही नाही. तो निरोप्या आहे. निरोप्याचं काम कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे पाहिलं की बाकीचा गोंधळ मिटतो.

पेशीतला मुकादम

निरोप घेणाऱ्याचं नाव आहे एमटॉर. हे प्रत्येक पेशीत असलेलं एक मोठं प्रथिन. त्याच्या नावामागची गोष्ट छान आहे. पॅसिफिक महासागरात ईस्टर आयलंड नावाचं बेट आहे. तिथले लोक त्याला रापा नुई म्हणतात. १९६४ मध्ये तिथे गेलेल्या एका वैद्यकीय मोहिमेने मातीचे नमुने आणले. त्या मातीतल्या जिवाणूपासून कॅनडात काम करणाऱ्या सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक औषध वेगळं काढलं. बेटावरून त्याचं नाव पडलं रापामायसिन. हे औषध पेशींची वाढ थांबवत होतं. ते नेमकं कोणाला पकडून थांबवतं याचा शोध घेताना जे प्रथिन सापडलं, त्याला ‘रापामायसिनचं लक्ष्य’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून एमटॉर म्हणू लागले.

एमटॉर हा पेशीतला मुकादम आहे असं समजा. प्रथिन बांधणं हे पेशीचं फार खर्चिक काम. त्यामुळे माल आला की नाही, खर्चाला पैसा आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय तो गवंड्यांना कामाला लावत नाही. मालाची वर्दी त्याला ल्युसीन देतं. जेवण नसताना पेशीत सेस्ट्रिन नावाचं एक छोटं प्रथिन पुढच्या साखळीला पकडून बसलेलं असतं, म्हणजे एक प्रकारे ब्रेक दाबून ठेवतं. जेवणानंतर रक्तातलं ल्युसीन वाढतं, पेशीत शिरतं आणि सेस्ट्रिनच्या अंगावर असलेल्या एका खाचेत बरोबर जाऊन बसतं. कुलपात किल्ली बसावी तसं. ते बसलं की सेस्ट्रिनची पकड सुटते. सेस्ट्रिन ल्युसीनला असं ओळखतो, हे अमेरिकेतल्या व्हाइटहेड संस्थेतल्या डेव्हिड सबाटिनी यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवून दिलं.

ब्रेक सुटल्यावर एमटॉर पेशीतल्या लायसोसोम नावाच्या पिशवीच्या पृष्ठभागावर जाऊन चिकटतो. लायसोसोम म्हणजे जुनं मोडून त्याचे सुटे भाग करणारी पेशीतली भंगारखोली. मुकादमाने कामाची जागा म्हणून हीच का निवडावी? कारण सुटा माल तिथेच असतो. पण तिथे पोचला म्हणून तो लगेच कामाला लागत नाही. त्याला चालू करणारं दुसरं प्रथिन त्या पिशवीवर बसलेलं असतं आणि त्याची गाठ इन्सुलिनच्या निरोपाने सुटते. भाकरीतल्या पिष्टाने रक्तात साखर वाढली की इन्सुलिन येतं, म्हणजे खर्चाला पैसा आहे असं कळतं. ल्युसीन मुकादमाला जागेवर आणतं आणि इन्सुलिन त्याला काम सुरू करायला सांगतं. दोन्ही निरोप मिळाले की एमटॉर पुढच्या दोन प्रथिनांना फॉस्फेटची खूण लावतो, त्यांतल्या एकाने अडवून धरलेली यंत्रणा मोकळी होते आणि रायबोसोम नावाचे गवंडी मणी ओवून नवं प्रथिन बांधू लागतात.

हे सगळं फक्त परीक्षानळीतलं नाही. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या गॅल्वेस्टन इथल्या गटाने २०११ मध्ये तरुण स्वयंसेवकांना दहा ग्रॅम आवश्यक अमिनो आम्लं पाजली. त्यांच्या मांडीच्या स्नायूत प्रथिनं बांधण्याचा वेग वाढला. नंतर तोच प्रयोग आधी रापामायसिनची गोळी देऊन केला, तेव्हा वेग वाढलाच नाही. मुकादमाला बांधून ठेवलं की मालाचा ढीग समोर असूनही बांधकाम होत नाही, याचा माणसाच्या शरीरातला हा थेट पुरावा.

वयाबरोबर घट्ट होणारा खटका

आता यात एक अडचण आहे आणि ती नेमकी आजी-आजोबांच्या वाट्याला येते. उतारवयात हा खटका घट्ट होतो. पंचविशीत थोड्या ल्युसीनने दबतो, सत्तरीत त्याच्यावर जास्त जोर द्यावा लागतो. गॅल्वेस्टनच्याच संशोधकांनी २००६ मध्ये हे मोजलं. तरुण आणि वृद्ध अशा दोन्ही गटांना ६.७ ग्रॅम आवश्यक अमिनो आम्लं दिली. एका मिश्रणात ल्युसीन १.७ ग्रॅम होतं, दुसऱ्यात २.८ ग्रॅम. तरुणांच्या स्नायूंनी दोन्ही मिश्रणांना प्रतिसाद दिला. वृद्धांच्या स्नायूंनी १.७ ग्रॅमला प्रतिसाद दिला नाही, २.८ ग्रॅमला दिला. त्यामुळे वयस्कर माणसाला एका जेवणात साधारण अडीच ते तीन ग्रॅम ल्युसीन आणि वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.४ ग्रॅम प्रथिन मिळावं, असं अनेक तज्ज्ञ सांगतात. ५५ किलो वजनाच्या माणसाला हे एका जेवणात २२ ग्रॅम प्रथिन झालं.

‘एका जेवणात’ हे शब्द महत्त्वाचे. दाबलेला खटका फार वेळ दबून राहत नाही. जेवणानंतर पाऊण-एक तासात बांधकामाचा वेग वाढतो, दीड-दोन तासांपर्यंत तो शिगेला पोचतो आणि तीन तासांच्या आसपास पुन्हा मूळ पातळीवर येतो, रक्तात अमिनो आम्लं शिल्लक असली तरीही. स्नायू जणू ‘भरलो’ म्हणतो. उलट, मोडतोड चोवीस तास चालू असते. त्यामुळे दिवसभराच्या प्रथिनांची बेरीज जशी पाहायची, तशीच ती किती जेवणांत खटका दाबण्याइतकी जमली, हेही पाहायचं. थोडं-थोडं प्रथिन चहा-बिस्किटांतून दिवसभर येत राहिलं, तर बेरीज बरी दिसते आणि खटका मात्र एकदाही धड दबत नाही.

एका ताटाचा हिशेब

समजा, सोनपेठ तालुक्यातल्या एका गावात ५५ किलो वजनाचे, सत्तरीतले आजोबा आहेत. शेतातलं काम आता मुलगा पाहतो. सकाळी चहा आणि वाटीभर पोहे, त्यात प्रथिन जेमतेम पाच ग्रॅम. दुपारी दोन ज्वारीच्या भाकरी, पातळ वरण, ठेचा आणि कांदा. दोन भाकरींना साधारण दीडशे ग्रॅम पीठ लागतं. त्यात प्रथिन १५ ग्रॅम, त्यातलं ल्युसीन १.८ ग्रॅम. पातळ वरणात त्यांच्या वाट्याची डाळ पंधरा ग्रॅमहून अधिक नसते, म्हणजे प्रथिन ३ ग्रॅम आणि ल्युसीन ०.२ ग्रॅम. रात्री एक भाकरी आणि वांग्याचा रस्सा, प्रथिन ९ ग्रॅम. दिवसाची बेरीज ३२ ग्रॅम. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची निरोगी प्रौढासाठीची शिफारस दर किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे या आजोबांसाठी ४६ ग्रॅम. म्हाताऱ्या माणसांसाठी तज्ज्ञ त्याहून थोडं जास्त, दर किलोमागे एक ते १.२ ग्रॅम सांगतात.

पण नुसती बेरीज पाहून खरी गोष्ट कळत नाही. दुपारच्या ताटाकडे पुन्हा पाहा. कागदावर त्यात ल्युसीन दोन ग्रॅम आहे. फार कमी नाही. सकाळी आणि रात्री मात्र ते एक ग्रॅमच्या पुढे जात नाही. म्हणजे दिवसातून एकदाच खटक्याला हात लागतो आणि तोही अर्धवट. अर्धवट यासाठी, की ज्वारीतलं सगळं प्रथिन पचत नाही. त्यातलं मुख्य प्रथिन, काफिरिन, पाण्यात शिजवल्यावर एकमेकांत घट्ट अडकतं आणि पाचकरसांना सहज दाद देत नाही. ज्वारीतलं एक तृतीयांश ल्युसीन असं वाया गेलं असं धरलं, तर दुपारच्या ताटातलं कामाचं ल्युसीन १.४ ग्रॅमवर येतं. गॅल्वेस्टनच्या वृद्धांना जे मिश्रण पुरलं नव्हतं, त्याहूनही हे कमी. त्या प्रयोगात सुटी अमिनो आम्लं होती आणि इथे जेवण आहे, त्यामुळे तुलना काटेकोर नाही. पण अंदाज यायला पुरेशी आहे.

आणि समजा, खटका दबला. मुकादम आला, गवंडी उभे राहिले. विटा आहेत का? ज्वारीत सगळ्यात तुटपुंजी वीट म्हणजे लायसीन. शंभर ग्रॅम ज्वारीच्या प्रथिनात ल्युसीन बारा ग्रॅमच्या आसपास आणि लायसीन जेमतेम सव्वादोन ग्रॅम. आजोबांना दिवसाला साधारण १.६५ ग्रॅम लायसीन लागतं. वर सांगितलेल्या दिवसभराच्या जेवणात ते सगळं मिळून एक ग्रॅमच्या आसपास भरतं आणि त्यातलंही पूर्ण पचत नाही. भिंतीला वीस प्रकारच्या विटा ठरलेल्या क्रमाने लागतात. एक प्रकार संपला की उरलेल्या एकोणीस प्रकारांचा ढीग काही कामाचा राहत नाही. त्या विटा शेवटी जळणात जातात, म्हणजे शरीर त्या ऊर्जेसाठी वापरून टाकतं. आजोबांचं पोट भरतं, साखरही आटोक्यात राहते, पण मांडी भरत नाही.

म्हणून डब्यातलं जादा ल्युसीन त्यांच्या कामाचं नाही. याची प्रत्यक्ष परीक्षाही झाली आहे. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात तीस निरोगी वृद्ध पुरुषांवर केलेली चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. काहींना तीन महिने रोज प्रत्येक मुख्य जेवणासोबत अडीच ग्रॅम ल्युसीन दिलं, काहींना नुसती दिसायला सारखी गोळी. तीन महिन्यांनंतर स्नायूंच्या आकारात किंवा ताकदीत दोन्ही गटांत फरक पडला नाही. त्या लोकांचं जेवण आधीच पुरेसं होतं, त्यामुळे नुसतं ल्युसीन वाढवून काही साधलं नाही. आपल्या आजोबांचं जेवण अपुरं आहे, पण त्यांच्या ताटात कमतरता ल्युसीनपेक्षा लायसीनची आणि एकूण प्रथिनांची जास्त आहे. मग त्यांनी निव्वळ ल्युसीनची पावडर का घ्यावी? ‘बीसीएए’ नावाने विकल्या जाणाऱ्या पावडरीतही नऊपैकी फक्त तीनच आवश्यक अमिनो आम्लं असतात. लायसीन त्यांत नसतं.

मूठभर डाळ

आता तेच ताट थोडं बदलू. भाकरी दोनच राहू द्या. वरण पातळ न करता आजोबांच्या वाट्याला पन्नास ग्रॅम, म्हणजे चांगली मूठभर तूरडाळ येईल असं घट्ट करा आणि सोबत दीडशे ग्रॅम दही द्या. डाळीतून ११ ग्रॅम प्रथिन आलं, दह्यातून ५. भाकरीचे १५ धरून दुपारचं जेवण ३१ ग्रॅमवर गेलं. ल्युसीन तीन ग्रॅम आणि ज्वारीतलं एक तृतीयांश वाया गेलं तरी जवळजवळ अडीच ग्रॅम. त्याहून मोठा फरक लायसीनमध्ये पडला. आधी अर्धा ग्रॅमच्या आसपास होतं, ते दीड ग्रॅम झालं. तूरडाळीच्या प्रथिनात लायसीन ज्वारीच्या तिपटीने असतं. ज्वारीने खटका दाबायचा आणि डाळीने विटा पुरवायच्या, अशी ही वाटणी आहे. डाळ-भाकरीची सांगड आपल्याकडे जुनी आहे. आजच्या ताटात डाळ नावापुरती उरली, तिथे ती सांगड मोडली.

रात्री रश्श्याऐवजी पिठलं करा. चाळीस ग्रॅम बेसन आणि पेलाभर दूध आलं, की एका भाकरीसह ते जेवण बावीस ग्रॅमच्या पुढे जातं. दात नसलेल्या माणसाने भाकरी दुधात कुस्करून खाल्ली तरी चालेल, त्यात ल्युसीनही येतं आणि लायसीनही. अंडी खाणाऱ्यांचा प्रश्न आणखी सोपा, दोन अंड्यांत साडेबारा ग्रॅमच्या आसपास प्रथिन आणि एक ग्रॅमहून थोडं जास्त ल्युसीन मिळतं. शेंगदाण्याची चटणीही हवी, मात्र वेगळ्या कारणासाठी. शेंगदाण्यात लायसीन फारसं नाही, पण नायसिन भरपूर आहे. पेलाग्राची भीती ज्या ताटाला होती, त्या ताटात ही चटणी नसायची. ज्वारीची आंबील करण्याची पद्धतही मोडू नये, आंबवल्याने ज्वारीतलं प्रथिन पचायला थोडं सोपं होतं.

सोयाबीनबद्दल एक तक्रार मात्र करायला हवी. मराठवाड्यातल्या शेतांत सोयाबीन उदंड पिकतं आणि जवळजवळ सगळं पोत्यांत भरून बाजारात जातं. त्याच्या प्रथिनांत ल्युसीनही आहे आणि लायसीनही. ज्वारीच्या नऊ भागांत एक भाग सोयाबीन दळून घेतलं, तरी भाकरीची चव फारशी बदलत नाही. एक पथ्य आहे: सोयाबीन आधी नीट भाजून किंवा उकडून, वाळवून मगच दळायचं, कारण कच्च्या सोयाबीनमधले काही घटक प्रथिनांचं पचनच अडवतात.

जेवणाबरोबर हालचालही हवी, कारण खटका सैल करणारं सगळ्यात खात्रीचं तेल तेच आहे. स्नायूंवर भार पडला की पुढचा दिवसभर ते तेवढ्याच ल्युसीनला जास्त प्रतिसाद देतात. अंथरुणाला खिळून काही दिवस काढले की उलट होतं. दुखण्यातून उठलेल्या म्हाताऱ्या माणसाला म्हणून आधी दूध-भाकरी आणि लगेच हळूहळू उभं राहणं, दोन्ही हवंच. घरात खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, असं दिवसातून दोनदा केलं तरी मांडीला पुरेसा भार मिळतो.

स्नायू कमी होत आहेत हे ओळखायचं कसं? जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यावर आणि मग भिंतीवर हात जातो का, ते पाहा. मोजायचं असेल तर हात छातीवर धरून खुर्चीतून पाच वेळा उठायचं आणि बसायचं. त्याला बारा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागला, तर स्नायूंची ताकद कमी झाल्याची शंका घ्यायची, असा आशियाई तज्ज्ञगटाचा २०१९ चा निकष आहे. पोटरीचा घेर पुरुषात ३४ आणि स्त्रीत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तरी डॉक्टरांना दाखवावं. वजनावर विसंबू नये. पोटावर चरबी वाढत असताना मांडी झिजत असेल, तर काटा तेच वजन दाखवत राहतो.

दोन इशारे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिनं स्वतःच्या मनाने वाढवू नयेत, त्यांचं प्रमाण डॉक्टरच ठरवतात. आणि एमटॉर सतत चालू ठेवणं हेही काही ध्येय नव्हे. उंदरांसारख्या प्राण्यांत हा मार्ग थोडा दाबून ठेवला तर ते जास्त जगतात, असं दिसून आलं आहे. पेशीला बांधकामाइतकीच जुनं मोडून साफ करण्याचीही गरज असते आणि एमटॉर चालू असताना ती सफाई थांबते. जेवणाला चालू आणि दोन जेवणांमध्ये बंद, ही त्याची नैसर्गिक लय. दिवसभर पावडर घोटत राहण्यापेक्षा दोन-तीन भरपेट, नीट जेवणं बरी, त्याचं हेही एक कारण.

शेवटचा मुद्दा घराबाहेरचा आहे. वरच्या हिशेबात दुपारच्या वरणाला रोज ३५ ग्रॅम डाळ जादा लागली. महिन्याला ती साधारण एक किलो झाली. अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबातल्या माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळतं आणि त्यामुळे उपासमार टळते, याचं मोल कमी नाही. पण ते धान्य म्हणजे मुख्यतः गहू आणि तांदूळ, ज्यांच्या प्रथिनांत लायसीनच तोकडं असतं. एका तुटपुंज्या विटेवर दुसऱ्या धान्यातली तीच तुटपुंजी वीट रचून भिंत उभी राहत नाही. साठीपुढच्या प्रत्येक शिधापत्रिकाधारकाला महिन्याला एक किलो डाळ या धान्याबरोबर दिली, तर ती तूर पिकवणाऱ्या याच भागातून घेता येईल. ज्या आजोबांनी आयुष्यभर तूर आणि ज्वारी एकाच रानात पिकवली, त्यांच्या ताटात म्हातारपणी त्यांतली एकच उरावी, हे काही पटण्यासारखं नाही. सरकार हे करेल तेव्हा करेल. तोवर घरात वरण वाढताना पळी पातेल्याच्या तळापर्यंत घालावी आणि खालची घट्ट डाळ आधी म्हाताऱ्या माणसाच्या वाटीत वाढावी.